तक्त्यातला १३० मिमी जून कधीच आला नाही: पावसाची सरासरी वाचताना या चुका टाळा

मे महिन्याच्या शेवटी व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरायला लागतो. कुठल्यातरी कार्यालयाच्या भिंतीवर पावसाचा तक्ता असतो, त्यावर जून ते सप्टेंबरचे चार निळे स्तंभ, आणि कोणीतरी घाईत मोबाईल वर धरून तो टिपलेला असतो. मराठवाड्यातल्या कमी पावसाच्या पट्ट्यातले एक अण्णा असाच फोटो बोटांनी मोठा करून बघत बसले आहेत असं समजा. पाच एकर मध्यम काळी जमीन, दीड एकर मुरमाड, डोक्यात सोयाबीन. शेजारी कृषी पदविकेला असलेली पुतणी बसली आहे. अण्णा, पुतणी आणि पुढचे पावसाचे आकडे नमुन्याचे आहेत, पण त्या भागातला पाऊस वागतो तसेच घेतले आहेत.

तक्त्यावर लिहिलंय: जून १३०, जुलै १६०, ऑगस्ट १७०, सप्टेंबर १६५. एकूण ६२५ मिमी.

“जूनमधी एकशेतीस पडतंय म्हंजी पेरणीपुरतं झालंच की,” अण्णा म्हणाले. “आन् ऑगस्टला तर कायच चिंता नाही.”

या दोन वाक्यांत चार चुका आहेत.

फोटोतल्या स्तंभांची उंची बघून अंदाज बांधणे

अण्णांच्या फोटोत जूनचा स्तंभ ऑगस्टच्या निम्म्याहूनही बुटका दिसत होता. पुतणीने विचारलं, “अण्णा, डावीकडचे आकडे कुठं गेले?” फोटो काढणाऱ्याने डावी कड कापली होती. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः जाऊन पुन्हा फोटो काढला, तेव्हा कळलं की उभी पट्टी शून्यापासून नाही तर १०० पासून सुरू होते. म्हणजे जूनचा स्तंभ ३० एककं उंच आणि ऑगस्टचा ७०. प्रत्यक्षातला फरक १३० आणि १७० इतकाच. चित्र काढणाऱ्याने लबाडी केली असं नाही. संगणकाचा तक्ता पुष्कळदा आपोआपच तळ कापतो.

तक्त्याचा फोटो काढायचा तर समोर उभं राहून, मोबाईल तक्त्याच्या मधोमध उंचीला धरून काढावा. खालून वर काढला की वरचा भाग आकसतो आणि उंच स्तंभ आहेत त्याहून ठेंगणे दिसतात. चार गोष्टी चौकटीत यायलाच हव्यात: वरचं शीर्षक, डावीकडचे आकडे, एकक (मिमी की सेंमी) आणि तळाची बारीक ओळ. अण्णांच्या पहिल्या फोटोत ती ओळ ट्यूबलाइटच्या चकाकीत गेली होती. दुसऱ्या फोटोत ती वाचता आली: “मागील १० वर्षांची मासिक सरासरी.” या एका ओळीने पुढचं सगळं बदललं, कारण सरासरी काढली आहे म्हणजे ती ज्यांतून काढली ते दहा आकडे कुठेतरी असणारच.

सरासरीला ‘नेहमी पडणारा पाऊस’ समजणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

पुतणीने त्यांच्याच महसूल मंडळाचे जूनचे दहा आकडे मिळवले. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस बघता येतो, त्यावरून महिन्याची बेरीज करता येते. तिने ते वहीत एकाखाली एक लिहिले:

३८, २१२, ९५, ६१, २८७, ७४, ११८, २४६, ५२, ११७.

बेरीज १३००, भागिले दहा, उत्तर १३०. तक्ता अगदी बरोबर होता.

“आता यातलं एकशेतीस दाखवा,” ती म्हणाली.

अण्णांनी बोट फिरवलं. एकाही वर्षी १३० नव्हता. जवळात जवळचा ११८. दहापैकी सात वर्षं सरासरीच्या खाली होती आणि तीनच वर. त्या तिन्ही वर्षी पाऊस दोनशेच्या पुढे गेला होता. म्हणजे या गावाचा जून एक तर बेताचा असतो, नाही तर भरभरून येतो. तक्त्यावर काढलेला मधला जून या दहा वर्षांत आलाच नव्हता.

असं होण्याचं कारण साधं आहे. पाऊस शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, पण वर त्याला मर्यादा नाही. कोरडं वर्ष सरासरीला फार तर १३० ने ओढणार, ओलं वर्ष दीडशे, दोनशेनेही उचलू शकतं. नुसतं २८७ चं एक वर्ष बाजूला ठेवलं तर उरलेल्या नऊ वर्षांची सरासरी ११३ वर येते. एका जूनने दहा वर्षांच्या आकड्यात १७ मिमीची भर घातली आहे. कमी पावसाच्या भागात, आणि त्यातही जून महिन्यात, ही ओढाताण जास्त असते. कोकणात जुलैच्या पावसाची सरासरी बऱ्यापैकी भरवशाची वाटते ती याचमुळे, तिथे वर्षावर्षातला फरक सरासरीच्या मानाने कमी असतो.

मग काय बघायचं? आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे:

३८, ५२, ६१, ७४, ९५, ११७, ११८, २१२, २४६, २८७.

मधोमध ९५ आणि ११७ आहेत, त्यांच्यामधला आकडा १०६. याला मध्यक म्हणतात. निम्मी वर्षं याच्या खाली, निम्मी वर. एखादं अतिवृष्टीचं वर्ष याला फारसं हलवू शकत नाही, कारण २८७ च्या जागी ४०० असतं तरी मधली जागा तीच राहते.

पण पेरणीसाठी मध्यकसुद्धा पुरत नाही. दोन वर्षांतून एकदा फसणारा आकडा काय कामाचा? कामाचा आकडा तिसरा, ६१. दहा वर्षांपैकी आठ वर्षं जूनमध्ये निदान ६१ मिमी पडला. हाच इथला भरवशाचा जून, आणि तो तक्त्यातल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

मोबाईलमधल्या स्प्रेडशीटमध्ये दहा आकडे `B2` ते `B11` या खणांत भरले तर हे चार सूत्रांत होतं:

```
=AVERAGE(B2:B11)
=MEDIAN(B2:B11)
=SMALL(B2:B11,3)
=COUNTIF(B2:B11,">=75")
```

पहिलं सूत्र १३० देईल, दुसरं १०६, तिसरं ६१. चौथं किती वर्षी पाऊस ७५ किंवा जास्त होता ते मोजतं, उत्तर ६. हे चौथं सूत्र पेरणीचं आहे. साधारण ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. दहापैकी चार वर्षी संपूर्ण जून सरला तरी खालची हद्दसुद्धा गाठलेली नव्हती. शिवाय ९५ मिमीच्या वर्षी तो पाऊस २९ जूनला पडला की १२ जूनला, हे महिन्याच्या बेरजेत दिसत नाही. म्हणून सहा हा आकडाही जरा उदारच धरा.

दहा वर्षं तशी थोडीच. तीस वर्षांचे आकडे मिळाले तर उत्तम, पण जास्त वर्षं घेतल्याने पाऊस नियमित होत नाही. सरासरी स्थिर होते, पाऊस आहे तसाच राहतो. हवामान खात्याची सध्याची पावसाची सामान्य पातळी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढलेली आहे, आणि तिच्याही आजूबाजूला वर्षं अशीच विखुरलेली असतात.

अण्णांनी यावरून दोन गोष्टी ठरवल्या. एक, मृगाच्या पहिल्या सरीवर बियाणं मातीत घालायचं नाही. दोन, पेरणी जुलैत ढकलली गेली तर काय, याची तजवीज मे महिन्यातच करायची. जुलैचा पहिला आठवडा गेला की मूग-उडदाचा नाद सोडावा. १५ जुलै ओलांडली तर सोयाबीनऐवजी बाजरी, तूर, सूर्यफूल यांच्याकडे वळावं लागतं. दहात चारदा लागणारी तयारी ही अडचणीच्या वेळची तयारी नाही, ती नेहमीचीच धरायला हवी.

महिन्याचा आकडा महिनाभर वाटून टाकणे

ऑगस्ट १७० मिमी. एकतीस दिवसांनी भागलं की रोजचे साडेपाच मिमी. फुलोऱ्यातल्या सोयाबीनला उघडीप असताना रोज साधारण पाच मिमी पाणी लागतं असं ढोबळ धरतात. म्हणजे तक्ता सांगतो की गरज पाचाची आहे आणि मिळतात साडेपाच. हिशेब इतका चोख जुळतो की शंका येतच नाही.

पुतणीने एका वर्षाच्या ऑगस्टची रोजची नोंद काढली. १ तारखेला २४ मिमी, २ ला १९, ३ ला ११. मग ४ ते २४ या एकवीस दिवसांत नुसती दोनदा भुरभुर, एकदा १ मिमी आणि एकदा २. पुढे २५ ला ८२ आणि २६ ला २९. महिन्याची बेरीज १६८. सरासरीच्या ९९ टक्के. कागदावर याहून चांगला ऑगस्ट सापडणार नाही.

“आन् त्याच साली शेंगा धरल्याच नव्हत्या,” अण्णा म्हणाले. “मंग ते साल तक्त्यात कुठंय?”

“तक्त्यातच आहे अण्णा. एकशेअडुसष्ट म्हणून मिसळून गेलंय.”

त्या वर्षी सोयाबीन २४ जूनला पेरलेलं होतं. ४ ऑगस्टला पीक ४१ दिवसांचं, फुलोऱ्यात. २४ ऑगस्टला ६१ दिवसांचं, शेंगा भरायच्या बेतात. खंड नेमका या दोघांच्या मध्ये पडला. आता जमिनीचा हिशेब करू. मध्यम काळ्या जमिनीत पूर्ण ओल झाल्यावर मुळांच्या टप्प्यात पिकाला घेता येईल असं १०० मिमीच्या आसपास पाणी राहतं. रोज पाचने उपसा धरला तर वीस दिवसांत ते संपतं, पण पीक विसाव्या दिवसापर्यंत थांबत नाही. निम्मं पाणी गेलं की दुपारी पानं मलूल व्हायला लागतात आणि फुलं गळतात. म्हणजे दहाव्या दिवशी, १३ ऑगस्टच्या सुमारास. अण्णांच्या मुरमाड दीड एकरात साठाच पन्नासचा धरला तर हीच वेळ पाचव्या दिवशी, ८ ऑगस्टला आली. एकच पाऊस, एकच बांध, पण खंड दोन वेगवेगळ्या लांबीचे. पुढे २५ तारखेचा ८२ मिमी आला तो थोडा भेगांतून खाली गेला, बराचसा ओढ्याने गेला, आणि गळलेलं फूल काही तो परत देणार नव्हता.

म्हणून महिन्याच्या आकड्याशेजारी दोन रकाने स्वतः घालावेत. पहिला पावसाच्या दिवसांचा. हवामान खात्याच्या व्याख्येने २४ तासांत २.५ मिमी किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. या ऑगस्टमध्ये असे पाचच दिवस होते, दोन्ही भुरभुरी त्यात धरत नाहीत. दुसरा रकाना त्याहून उपयोगाचा: सगळ्यात लांब खंड किती दिवसांचा. रोजच्या नोंदीवरून बोट खाली नेत जायचं, २.५ पेक्षा कमी असलेले सलग दिवस मोजायचे, आणि सगळ्यात मोठी संख्या लिहायची.

इथे एक फसगत होते. महिना संपला की लोक मोजणी नव्याने सुरू करतात. २२ जुलै ते १२ ऑगस्ट असा खंड असेल तर तो जुलैत १० दिवसांचा आणि ऑगस्टमध्ये १२ दिवसांचा दिसतो, दोन्ही सोसण्यासारखे. प्रत्यक्षात तो २२ दिवसांचा आहे. खंड मोजताना पान उलटायचं, मोजणी नाही तोडायची.

अण्णांच्या मंडळात दहापैकी सहा वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये निदान चौदा दिवसांचा खंड निघाला. यावर उपाय बियाण्याच्या पिशवीत नाही, पेरणीच्या पद्धतीत आहे. मध्यम जमिनीत चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर, म्हणजे ऑगस्ट कोरडा गेला तरी उशिरा फुलणारी तूर हाताशी राहते. रुंद सरी-वरंब्यावर पेरणी, किंवा त्याचं यंत्र नसेल तर ठरावीक ओळींनंतर सरी काढणं, म्हणजे ८२ मिमीसारखा पाऊस थोडा तरी शेतात अडतो. उघडीप पडली की लगेच कोळपणी, भेगा बुजून ओल टिकते. शेततळं असेल तर आधी हिशेब करून ठेवावा. एका एकरावर एक मिमी म्हणजे सुमारे चार हजार लिटर, तेव्हा ३० मिमीच्या एका संरक्षित पाण्याला एकरी १ लाख २० हजार लिटर लागतात. तळ्यात एवढं नसेल तर कोणता एकर वाचवायचा हे ऑगस्ट यायच्या आतच ठरलेलं बरं.

टक्केवारीवर आणि तालुक्याच्या आकड्यावर विसंबणे

‘हंगामात १०० टक्के पाऊस’ ही बातमीही एक सरासरीच असते. ज्या वर्षी जून ३८ वर थांबला त्या वर्षी ९२ मिमीची तूट होती. समजा जुलै-ऑगस्ट सरासरीइतके झाले आणि सप्टेंबरला १६५ च्या जागी २५७ पडला. हंगामाची बेरीज बरोबर ६२५. पेरणी उशिरा झाली, काढणीला चिखल झाला, आणि टक्केवारी शंभर. जिल्ह्याच्या वर्गवारीत तर उणे १९ पासून अधिक १९ टक्क्यांपर्यंत सगळं ‘सामान्य’च म्हणतात. टक्के वाचायचेच तर महिन्याचे नाही, आठवड्याचे वाचावेत.

जागेचंही तेच. तालुक्यातल्या सहा मंडळांत एका दिवशी ६४, ४१, १२, ३, ० आणि ० असा पाऊस झाला की तालुक्याचा आकडा २० येतो. वीस मिमी एकाही मंडळात पडलेला नसतो. मंडळाचा आकडाही त्या एका पर्जन्यमापकाचा, तुमच्या बांधावरचा नाही. वळवाच्या सरी आणि मृगातले गडगडाटी पाऊस शिव ओलांडत नाहीत हे सांगायला नकोच.

म्हणून शेतात स्वतःचं माप हवं. वरून खालपर्यंत सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा चालतो, त्यातल्या पाण्याची उंची पट्टीने मिमीत मोजली की तोच पाऊस. निमुळती बाटली किंवा तोंडाला नरसाळं लावलेली बाटली घेतली तर उंची थेट वाचता येत नाही, तोंडाच्या आणि बाटलीच्या क्षेत्रफळाचं गणित करावं लागतं, आणि बहुतेक घरगुती मापं इथेच चुकतात. डबा झाडापासून आणि भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, जमिनीवर पक्का रोवलेला असावा. रोज सकाळी साडेआठला वाचायचा आणि रिकामा करायचा. सरकारी नोंदही सकाळी साडेआठचीच असते आणि ती आदल्या चोवीस तासांची असते. २४ तारखेच्या रात्री पडलेला पाऊस म्हणून २५ तारखेसमोर लिहिलेला दिसतो. हे माहीत नसलं की आपली वही आणि मंडळाचा आकडा एक दिवसाने घसरतो आणि माणूस यंत्रालाच दोष देतो.

अण्णांनी दुसरा फोटो छापून घेतला आणि जूनच्या स्तंभाखाली पेनाने दहाही आकडे लिहिले, लहानापासून मोठ्यापर्यंत. चौथ्या आकड्यावर पेन थांबलं.

“चौऱ्याहत्तरचं साल. एकच मिमी कमी पडला गं माय.”

“तुम्ही पेरलं होतं त्या साली?”

“सत्तावीस जूनला पेरलं.” त्यांनी पेनचं टोपण लावलं. “जुलैत पुन्यांदा पेरलं.”